सोमवारचे साडेअकरा अंश

आठवीच्या चार गटांना मी एकाच आलेखाच्या झेरॉक्स दिल्या होत्या. एका आठवड्याचं कमाल आणि किमान तापमान, वरची रेघ अखंड, खालची तुटक. प्रश्न एकच: आठवड्याचं सरासरी तापमान काढा. पंधरा मिनिटांनी फळ्यावर चार उत्तरं आली. २२.४, २१.९, १९.२ आणि २२.३.

आधी वाटलं, कोणाची तरी बेरीज चुकली असणार. वह्या पाहिल्या तर बेरीज आणि भागाकार चारही गटांचे बरोबर होते. म्हणजे घोळ आकडेमोडीच्या आधीच झाला होता, आलेख वाचताना. आणि पुढे निघालं की काही घोळ त्याच्याही आधीचा, थेट तापमापकाच्या पेटीपाशी झालेला होता. त्या आलेखाची ही सगळी हकीकत.

आमची शाळा पुणे जिल्ह्यात पूर्वेकडे, कोरड्या पठारावर. मैदानाच्या कडेला गावच्या सुताराकडून करून घेतलेली पांढरी, झडपांची पेटी आहे, जमिनीपासून साधारण चार फूट उंच, दार उत्तरेला. वेधशाळांत तापमापक ठेवायला जी स्टीव्हन्सन पेटी असते, तिचंच हे गावठी भावंड म्हणा. आत सिक्सचा कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे. जेम्स सिक्स या इंग्रज माणसाने १७८० च्या सुमारास काढलेली ही युक्ती: इंग्रजी यू आकाराच्या नळीत पारा आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर एकेक बारीक पोलादी दर्शक. गरम झालं की पारा उजवीकडचा दर्शक वर ढकलतो, थंड झालं की डावीकडचा. पारा मागे सरला तरी दर्शक तिथेच अडकून राहतो. सकाळी जाऊन दर्शकाचं खालचं टोक, म्हणजे पाऱ्याकडचं टोक, कुठे आहे ते वाचायचं, मग चुंबकाने दोन्ही दर्शक पुन्हा पाऱ्याला टेकवायचे. डावीकडची पट्टी उलटी असते, वर जावं तसे अंश कमी होतात. नव्या मुलांची पहिले दोन दिवस हमखास तिथे फसगत होते.

नोंदीची वेळ आम्ही सकाळी साडेआठची ठेवली आहे, कारण हवामान खात्याच्या वेधशाळाही तेव्हाच नोंद घेतात. (पुण्याच्या ज्या चौकाला सगळे ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथलं ते ऑफिस म्हणजे हवामान खातंच. मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि नाव चौकाला चिकटलं. हे सांगितल्यावर वर्गाला तापमापकापेक्षा त्याचीच जास्त गंमत वाटली.) शाळा साडेदहाची, त्यामुळे नोंदीची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे असते. फेब्रुवारीतल्या त्या आठवड्याची नोंदवही अशी होती:

| वार | किमान | कमाल |
|---|---|---|
| गुरुवार | १२.५ | ३१.० |
| शुक्रवार | १२.० | ३१.५ |
| शनिवार | ११.५ | ३२.० |
| रविवार | — | — |
| सोमवार | ११.५ | ३३.५ |
| मंगळवार | १३.५ | ३३.० |
| बुधवार | १४.० | ३२.५ |

हा तक्ता वर्गाने पाहिलेला नव्हता. त्यांच्यासमोर फक्त आलेख होता. आलेखाच्या कागदावर उभ्या अक्षाला १ सेंटिमीटर म्हणजे २ अंश असं प्रमाण, आणि अक्ष शून्यापासून सुरू न होता ८ अंशांपासून. ठळक रेघा ८, १०, १२, १४ अशा पडल्या होत्या. आडव्या अक्षावर वार.

२१.९ काढणाऱ्या गटापासून सुरुवात केली, कारण ही चूक मी दरवर्षी पाहतो. कागदावर एका सेंटिमीटरमध्ये दहा बारीक घरं असतात. मुलांच्या मनात ‘दहा घरं म्हणजे एक’ इतकं पक्कं बसलेलं असतं की एक घर आपोआप ०.१ होतं. इथे मात्र दहा घरं म्हणजे २ अंश, म्हणजे एक घर ०.२ अंश. सोमवारचा कमाल बिंदू ३२ च्या ठळक रेघेच्या वर साडेसात घरं होता. साडेसात गुणिले ०.२ म्हणजे १.५, तापमान ३३.५. या गटाने वाचलं ३२.७५.

ही चूक नेहमी एकाच दिशेने जाते. बिंदू नेमका ठळक रेघेवर असेल तर उत्तर बरोबर येतं, शनिवारचं ३२.० त्यांचंही बरोबरच होतं. बिंदू रेघेच्या वर जितका सरकेल तितकं वाचन कमी पडत जातं. एकदा जास्त, एकदा कमी असं झालं असतं तर सरासरीत थोडंफार भरून निघालं असतं, इथे तसं होत नाही. त्यांच्या कमाल वाचनांची सरासरी ३१.८ आली, किमान वाचनांची १२.१. दोन्ही जवळपास अर्ध्या अंशाने खाली, म्हणून उत्तरही तेवढंच खाली.

त्यांना चूक सांगण्याऐवजी मी एक बिंदू काढून दिला, ३२ च्या रेघेपासून नऊ घरं वर. ‘किती?’

‘३२.९, सर.’

‘आता अजून एक घर वर जा.’

एकाने बोट सरकवलं. ते ३४ च्या रेघेवर टेकलं. तो क्षणभर थांबला, मग शेजाऱ्याकडे पाहून म्हणाला, ‘एका घरात १.१ अंश कसे काय वाढतील?’ तिथून पुढे त्यांनीच सगळं पुन्हा वाचलं. प्रमाण नीट वाचलं आहे की नाही ते तपासायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही: पुढच्या ठळक रेघेच्या जरा खालचा बिंदू वाचायला सांगायचा.

याच ओघात एक वाद झाला. एकीचं वाचन १२.४, दुसरीचं १२.६, बिंदू गुरुवारच्या किमानाचा. दोघी हटून बसल्या. बिंदू पेन्सिलीचा, त्याचीच जाडी अर्ध्या घराएवढी होती. शिवाय आमच्या तापमापकावर खुणा एकेका अंशाच्या आहेत, मुलं अंदाजाने अर्धा अंश वाचतात. ज्या उपकरणावर १२ आणि १३ यांच्या मधलं फक्त ‘साडेबारा’ कळतं, त्याच्या नोंदीवरून काढलेल्या आलेखात १२.४ की १२.६ हा प्रश्नच येत नाही. आलेखाच्या बारीक घरांमुळे उगाच बारकाईचा भास होतो. दोघींनी १२.५ मान्य केलं, एकीने जरा नाराजीनेच.

१९.२ वाल्या गटाचं प्रकरण झटपट संपलं. त्यांचे बिंदू बरोबर वाचलेले होते. सहा कमालांची बेरीज १९३.५, सहा किमानांची ७५. पण आठवड्याचे दिवस सात, म्हणून त्यांनी सातने भागलं. कमालाची सरासरी आली २७.६. रविवारी बिंदू नव्हता, त्याचा अर्थ नकळत शून्य अंश झाला. पठारावरच्या आमच्या गावात शून्य अंशाची दुपार! मी एवढंच विचारलं, ‘तुमच्या सहा कमाल तापमानांत सगळ्यात कमी कोणतं?’ ३१. मग सगळेच ३१ किंवा त्याहून वर असताना त्यांची सरासरी २७.६ कशी? सरासरी नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या मध्येच पडते. एवढा एक पडताळा हाताशी ठेवला तरी अशा चुका उत्तर लिहायच्या आधीच पकडता येतात.

२२.३ वाल्या गटाने रविवार शून्य धरला नाही, त्यांनी तो चक्क आलेखावरून वाचला. शनिवारचा आणि सोमवारचा बिंदू जोडणारी रेघ रविवारच्या उभ्या रेघेला जिथे छेदते तिथलं तापमान घेतलं: कमाल ३२.७५, किमान ११.५. उत्तरात फरक पडला जेमतेम ०.०४ अंशाचा. तरी मी ते बरोबर धरलं नाही, आणि त्यांना राग आला. ‘रेघ आहे ना तिथे, सर!’

दोष खरं तर आलेख काढणाऱ्याचा, म्हणजे माझाच. दैनिक कमाल-किमान आलेखात मोजलेले असतात ते फक्त बिंदू. मधली रेघ डोळ्याला सोबत म्हणून काढतात, चढ-उतार पटकन दिसावा म्हणून. शनिवारच्या कमालापासून सोमवारच्या कमालापर्यंत तापमान काही हळूहळू चढत गेलेलं नसतं. मध्ये दोन रात्री येऊन गेल्या, पारा दोनदा वीसेक अंश खाली उतरून परत चढला. त्या रेघेवरची कोणतीही जागा कोणत्याही क्षणाचं तापमान सांगत नाही. नोंद नसेल तिथे रेघ तोडायला हवी होती. मी ती जोडली, मुलांनी ती वाचली.

राहिला पहिला गट, २२.४ वाला. सहा कमालांची सरासरी १९३.५ भागिले ६, म्हणजे ३२.२५. सहा किमानांची ७५ भागिले ६, म्हणजे १२.५. दोन्हींची सरासरी २२.३७५. त्यांनी उलट बाजूनेही करून पाहिलं होतं: प्रत्येक दिवसाचं कमाल अधिक किमान भागिले दोन, आणि मग सहा दिवसांची सरासरी. गुरुवार २१.७५, शुक्रवार २१.७५, शनिवार २१.७५, सोमवार २२.५, मंगळवार २३.२५, बुधवार २३.२५. बेरीज १३४.२५, भागिले ६, पुन्हा २२.३७५. कमालांची आणि किमानांची संख्या सारखी असेल तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

पुस्तकी हिशोबाने हे उत्तर बरोबर होतं. मी फळ्यावर २२.४ भोवती चौकट काढलीसुद्धा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, पण सोमवारी नव्हतं एवढं गरम. रविवारी मॅच होती तेव्हा जास्त होतं.’

वर्ग हसला. आलेखात सगळ्यात वरचा बिंदू सोमवारी होता, आणि रविवारी तर नोंदच नव्हती. पण ही मुलगी रविवारची दुपारभर मैदानाच्या कडेला बसून भावाची मॅच पाहत होती. तिचं म्हणणं मला सहज झटकता येईना.

मी विचारलं, सोमवारी सकाळी साडेआठला दर्शक ३३.५ वर होता, तर ३३.५ अंश तापमान कधी झालं असेल? सकाळी साडेआठच्या आधी कधीतरी. म्हणजे सोमवारच्या दुपारी तर नक्कीच नाही, ती अजून यायची होती. दिवसाचं कमाल तापमान आमच्याकडे दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला येतं, किमान सूर्योदयाच्या आसपास. त्यामुळे सकाळच्या एकाच फेरीत वाचलेले दोन आकडे दोन वेगळ्या तारखांचे असतात: किमान आजच्या पहाटेचं, कमाल कालच्या दुपारचं. नोंदवहीत आमची मुलं दोन्ही आजच्या वारापुढे लिहीत होती. आलेखातली अख्खी वरची रेघ एक दिवस उजवीकडे सरकलेली होती, आणि असेच आलेख मी महिनाभर सूचनाफलकावर लावत आलो होतो.

आता सोमवारचं कमाल रविवारचं, असं म्हणून वर्ग मोकळा व्हायला निघाला. पण रविवारी पेटीपाशी कोणी गेलंच नव्हतं. शनिवारी चुंबकाने दर्शक खाली आणले ते सोमवारपर्यंत तसेच राहिले. म्हणजे ३३.५ हे शनिवारची दुपार आणि रविवारची दुपार यांतल्या जास्त गरम दुपारचं तापमान. कोणती ते दर्शक सांगत नाही. मॅच पाहणाऱ्या मुलीचा कौल रविवारला, आणि तो खराही असेल, पण वहीत लिहिता येण्यासारखा पुरावा नव्हे. तशीच गोष्ट सोमवारच्या किमानाची. ११.५ म्हणजे रविवारची पहाट आणि सोमवारची पहाट यांतल्या जास्त थंड पहाटेचा आकडा. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

आलेखाने हे आधीच दाखवून ठेवलं होतं, फक्त आम्ही पाहिलं नव्हतं. कमाल आणि किमान यांतलं अंतर, म्हणजे दैनिक तापमान कक्षा, काढून पाहिली: गुरुवार १८.५, शुक्रवार १९.५, शनिवार २०.५, सोमवार २२, मंगळवार १९.५, बुधवार १८.५. सोमवारी दोन रेघा सगळ्यात दूर गेल्या आहेत. एका नोंदीत दोन दिवस कोंबले की हे होणारच. कमाल दोनांतलं मोठं घेतलं जातं, किमान दोनांतलं लहान, दोन्ही टोकं बाहेर ढकलली जातात. सरासरीत मात्र हे लपतं, कारण एक वर जातं, एक खाली, आणि बेरजेत ते एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून नोंद संशयास्पद वाटली की मी आता सरासरी पाहत नाही, कक्षा पाहतो.

खरा पेच पुढे होता. शनिवारचं किमान ११.५ आणि सोमवारचं किमानही ११.५. अगदी तंतोतंत. त्यानंतर मंगळवारी एकदम १३.५. आठवड्याच्या शेवटाकडे ऊब वाढत होती, मग सोमवारी पहाटे पुन्हा शनिवारएवढीच थंडी कशी? योगायोग असूही शकतो. मी पाळीच्या दोन मुलांना बोलावलं आणि शनिवारी काय केलंत ते क्रमाने सांगायला लावलं.

‘शनिवारी सकाळची शाळा ना, सर. साडेसातची. मग आम्ही येतायेताच नोंद घेतली.’

‘किती वाजता?’

‘सव्वासातला.’

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे दिवसभरातली सगळ्यात थंड वेळ होती तीच. दर्शक ११.५ वर, पारा स्वतःही ११.५ वर. मुलांनी आकडा लिहिला, चुंबकाने दर्शक पाऱ्याला टेकवला. टेकवला तो कुठे? ११.५ वरच. नवी मोजणी सुरू झाली तीच ११.५ पासून. आता रविवारची पहाट १२.५ ची असो, सोमवारची १३ ची असो, डावीकडचा दर्शक हलणारच नव्हता. तो हलला असता तर फक्त पारा ११.५ च्याही खाली गेला असता तर. सोमवारी मुलांनी अगदी प्रामाणिकपणे जो आकडा लिहिला तो शनिवारच्याच थंडीचा होता, दोन दिवस शिळा.

वर्गाला हे पटवायला मी तापमापक काढून आणला, ग्लासभर गार पाण्यात डावीकडचा दर्शक वर चढवला, पाण्यातच असताना चुंबकाने टेकवला, मग बाहेर काढून तळहातावर धरला. पारा सरकला, दर्शक जागचा हलला नाही. आकडा अजून गार पाण्याचाच. साडेआठला हा धोका बराच कमी होतो, कारण तोवर ऊन चढून पारा पहाटेच्या किमानापेक्षा चार-सहा अंश वर गेलेला असतो, आणि दर्शक त्या वरच्या पातळीवर टेकवला जातो. नोंदीची वेळ किमानाच्या वेळेपासून दूर असावी ती यासाठी. उलट, दुपारी तीनला नोंद घेतली तर हेच कमालाचं होईल: एक तापलेली दुपार दोन दिवसांच्या खात्यावर चढेल.

मग वर्गाने तक्ता नव्याने मांडला. कमाल एक दिवस मागे सरकवलं. पहिल्या ओळीतलं ३१.० बुधवारच्या दुपारचं निघालं, त्या बुधवारचं किमान आमच्याकडे नव्हतं, म्हणून ते बाजूला. गुरुवार: किमान १२.५, कमाल ३१.५, सरासरी २२. शुक्रवार: १२ आणि ३२, पुन्हा २२. शनिवारचं किमान खात्रीचं, कमाल नाही. रविवारचं काहीच नाही. सोमवारचं कमाल ३३.० खात्रीचं, किमान बाद. मंगळवार: १३.५ आणि ३२.५, सरासरी २३. बुधवारचं किमान १४, आणि त्याचं कमाल त्या सकाळच्या ताज्या नोंदीत होतं. एक मुलगा धावत जाऊन नोंदवही घेऊन आला: ३१.५. बुधवारची सरासरी २२.७५.

इथे एकाने सुचवलं की शनिवारचं किमान आणि सोमवारचं कमाल फुकट का घालवायचं, कमालांची वेगळी सरासरी काढू, किमानांची वेगळी, मग त्यांची सरासरी. सुचवणं वाईट नव्हतं, पण दोन ढिगांत वेगवेगळे दिवस आले की ती सरासरी कोणत्या दिवसांची हे सांगता येत नाही. एका ढिगात थंड शनिवार, दुसऱ्यात तापलेला सोमवार. जोडी पूर्ण असेल तेच दिवस घ्यायचे असं ठरलं. चार दिवस उरले: २२, २२, २३, २२.७५. बेरीज ८९.७५, भागिले ४, म्हणजे २२.४४.

दशांशाच्या एका स्थळापर्यंत पुन्हा २२.४!

वर्गात जो आवाज उठला तो निराशेचा होता. दोन तास घालवून आलो तिथेच आलो. पहिला गट तर विजयी मुद्रेने बसला. मी त्यांना म्हटलं, आता पहिल्या आलेखावरून सांगा, आठवड्यातली सगळ्यात गरम दुपार कोणत्या वारी होती? सोमवारी, असं तो आलेख सांगतो, आणि ते चूक आहे. सोमवारची पहाट किती थंड होती? साडेअकरा, असं सांगतो, आणि त्याचा त्याला पत्ताच नाही. सरासरी जमली ती चुका एकमेकींना छेदून गेल्या म्हणून. दुसऱ्या आठवड्यात, मध्येच ढग आले असते किंवा थंडीची लाट आली असती, तर जमलीच असती असं नाही.

एक गोष्ट मात्र अजून राहिली होती, आणि ती काढली एका नेहमी गप्प बसणाऱ्या मुलाने. ‘दोनच आकडे घेऊन दिवसाची सरासरी कशी काय? मधल्या वेळचं काय?’

हा प्रश्न मला स्वतःलाही अनेक वर्षं सलत होता. म्हणून पुढच्या आठवड्यात एक दिवस ठरवला. मी शाळेजवळच राहतो, रात्रीच्या नोंदी माझ्याकडे घेतल्या, दिवसाच्या मुलांकडे. दर तीन तासांनी पाऱ्याचीच पातळी वाचायची, दर्शकाला हात लावायचा नाही. रात्री बॅटरी लांब धरून, श्वास रोखून वाचायचं, नाहीतर उच्छ्वासाच्या उबेनेही पारा हलतो. सकाळी ९ ला २०.५, दुपारी १२ ला २८, ३ ला ३१.५, संध्याकाळी ६ ला २८, रात्री ९ ला २२, १२ ला १८.५, पहाटे ३ ला १६, ६ ला १४.५. आठ आकड्यांची बेरीज १७९, सरासरी २२.४. त्याच दिवशी दर्शकांनी दाखवलं कमाल ३२, किमान १४, म्हणजे दोन टोकांची सरासरी २३.

फरक अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, आणि दोन टोकांची सरासरी वरच्या बाजूला. तो का पडला ते आठ बिंदूंचा आलेख काढल्यावर दिसलं. दुपारचा डोंगर उंच पण अरुंद आहे. संध्याकाळनंतर रेघ खाली येते आणि रात्रभर, पहाटेपर्यंत खालच्या बाजूला रेंगाळते. दिवसाचे जास्त तास मध्यापेक्षा थंड बाजूला जातात. कमाल-किमानाची सरासरी या तासांचा हिशोब ठेवत नाही, ती फक्त शिखर आणि तळ यांच्या मधली उंची सांगते. निरभ्र, कोरड्या फेब्रुवारीत हे अंतर डोळ्यात भरतं. जुलैत ढग दाटले की कमाल-किमानातच पाच-सहा अंशांचा फरक राहतो, तेव्हा दोन्ही पद्धतींना फारसं वेगळं बोलायला जागाच उरत नाही.

तरी जगात बऱ्याच ठिकाणी दोन टोकांचीच सरासरी चालत आली, कारण त्याला दिवसातून एकच फेरी आणि दोनच दर्शक लागतात, रात्री तीनला उठावं लागत नाही. जुन्या वर्षांच्या नोंदी याच रीतीच्या आहेत, त्यांच्याशी तुलना करायची तर आजचा आकडाही त्याच रीतीने काढावा लागतो. गप्प मुलाने सगळं ऐकून वहीत लिहिलं: ‘सरासरी (कमाल अधिक किमान भागिले दोन)’. कंसासकट. मी त्याला विचारलं नाही, पण कंस का घातला ते मला कळलं.

शनिवारची नोंदही आता साडेआठलाच होते, दुसऱ्या तासाला पाळीची दोघं वर्गातून सुटतात, आणि त्यामुळे पाळीला अचानक खूप उमेदवार मिळाले आहेत. रविवारी फाटकाला कुलूप असतं, त्याचं काही करता आलेलं नाही. सोमवारच्या ओळीपुढे मुलं ‘दोन दिवसांची’ असं लिहितात. आलेखात शनिवार ते सोमवार रेघ तुटलेली असते, आणि सोमवारचे दोन्ही बिंदू पोकळ गोल असतात.